दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत

प्रिय पोरी,

"पार्सलची गाडी अक्कलकोटला जातेच अक्का, ती फाट्यावर सोडेल, पुढचं मी बघते." तुझ्या निरोपातलं हे एक वाक्य मला काल रात्रभर टोचत राहिलं. बाकी सगळं तू नीट लिहिलं आहेस. सोमवारपासून पेपरच्या शहर आवृत्तीच्या डेस्कवर रात्रपाळी. सुटायची वेळ साडेअकरा. ऑफिस सोलापुरात सात रस्त्याजवळ, घर कुंभारीला गोदूताई नगरात, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. अम्मा म्हणते सोडून दे. भाऊ न्यायला यायला तयार आहे, पण पहाटे त्याला कामावर जायचं असतं. आणि ऑफिसने पार्सलच्या गाडीचा तोडगा काढला आहे. आता तुझा प्रश्न असा, की एवढ्यावर हो म्हणावं, की जास्त मागावं? इंटर्न असून मागण्या करते, असं तर म्हणणार नाहीत?

एवढ्यावर हो म्हणू नकोस. फाट्यापर्यंत मिळालेली सोय ही सोय नाही. रात्रीची सोय दारापर्यंत असते. तुझा हात कडीवर पडतो आणि अम्मा आतून दार उघडते, तिथे ती संपते. त्याच्या अलीकडे कुठेही संपली तर उरलेला तुकडा तुझ्या गळ्यात पडला, आणि नेमका तोच तुकडा अवघड असतो.

जरा नकाशा डोळ्यासमोर आण. सात रस्त्यावरून निघालीस की अशोक चौकापर्यंत रात्री बारालाही माणूस दिसतो. पुढे अक्कलकोट रोडला एमआयडीसी लागते. तिथे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, शेडमध्ये दिवे असतात, ट्रक उभे असतात, एखादी चहाची टपरी उघडी असते. कुंभारीच्या अलीकडे मोठं हॉस्पिटल आहे, त्याची कॅज्युअल्टी रात्रभर जागी असते. म्हणजे त्या दहा-बारा किलोमीटरमध्ये कुणाला तरी हाक मारता येईल असा रस्ता बराच आहे. हाक ऐकायला कुणी नसतं ते फाटा सोडून आत वळल्यावर. आणि ऑफिस म्हणतं आहे की तेवढंच तू चालत जा. सोपा भाग गाडीने आणि अवघड भाग पायी, हा कुठला हिशेब?

तू लिहितेस की तो रस्ता पायाखालचा आहे. आहे की. पण संध्याकाळी सातचा आहे. एप्रिलच्या उकाड्यात तुमच्याकडे बाया ओट्यावर बसलेल्या असतात, पोरं गच्चीवर झोपतात, बारा वाजताही गल्ली जागी असते. तीच गल्ली डिसेंबरात नऊ वाजता दारं लावून घेते. तुझी इंटर्नशिप सहा महिन्यांची, म्हणजे ती दोन्ही ऋतूंतून जाणार. रस्ता ओळखीचा असण्यापेक्षा त्या वेळी तिथे कोण जागं असतं, हे बघ.

आता पार्सलच्या गाडीचं बोलते, कारण ती मला चांगली माहीत आहे. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आधी छापून निघते, शहर आवृत्ती नंतर. अक्कलकोटचे गठ्ठे डाकेचे. ती गाडी तुझ्या पानाची वाट बघत थांबणार नाही, थांबूही शकत नाही. तिकडे एजंट उभा असतो, पोरं सायकली घेऊन उभी असतात. म्हणजे ज्या रात्री डाक वेळेवर निघेल त्या रात्री तुझं पान अर्धं असेल. तुला पान टाकून पळावं लागेल, नाहीतर गाडी गेलेली असेल. आणि ज्या रात्री मशीनवर उशीर होईल त्या रात्री ड्रायव्हर गेलेला वेळ भरून काढायला गाडी हाणणार. मागे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असतात, त्यामुळे तुला बसायला जागा पुढेच, ड्रायव्हर आणि गठ्ठे टाकणारा पोरगा यांच्यामध्ये, गिअरला गुडघे लावून. माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. रात्ररात्र राबणारी बिचारी माणसं ती. पण ती गाडी कागद पोचवायला नेमलेली आहे. फाट्यावर तुला उतरवून, तू आत वळलीस की नाही हे बघत ती दोन मिनिटंही उभी राहणार नाही. माणूस पोचवायची गाडी वेगळी लागते.

आणि साडेअकरा ही वेळ कागदावरची आहे, हे आत्ताच समजून घे. आयपीएलचा सामना शेवटच्या षटकात गेला की पहिलं पान अडतं. रात्री अकराला हायवेवर अपघात झाला की क्राइमचा बातमीदार फोनवर असतो आणि सगळं डेस्क त्याच्याकडे बघत बसतं. निवडणुकीच्या रात्री तर विचारूच नकोस. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज निघतात तेव्हा सिद्धेश्वर मंदिराकडचे रस्ते बंद असतात आणि रिक्षावाले लांबून वळसा घेतात. अशाच रात्री ठरलेली सोय मोडते. साडेअकराला बाकीच्यांना घेऊन गाडी निघून जाते, आणि "तू थांब जरा, एवढी एक बातमी लाव" म्हणून इंटर्नला मागे ठेवतात, कारण इंटर्न नाही म्हणत नाही. म्हणून गाडी घड्याळाला बांधू नकोस, तुझ्या सुटण्याला बांधून घे. शेवटचं पान सुटेल तेव्हा गाडी, असं ठरव.

तुझ्या निरोपात एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण मला ती दिसली. ऑफिसची गाडी रोज मध्यरात्री गल्लीत येऊन थांबणार, आणि शेजारीपाजारी बघणार. फाट्यावर उतरण्याची तुझी तयारी त्यातूनही आली आहे, हो ना? पोरी, त्यावर मला तुझा राग येतो आणि कीवही येते, कारण हे ओझं तुझ्या वयाच्या सगळ्या मुलींवर टाकलेलं असतं. लोक बोलतील म्हणून अंधारात चालणार? उलट शेजाऱ्यांना आधीच सांगून टाक. अम्माला घेऊन समोरच्या आणि बाजूच्या घरी जा आणि सांग, सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे, पेपरच्या ऑफिसची गाडी बाराच्या सुमाराला मला सोडायला येईल, हा ड्रायव्हरचा नंबर. आपण होऊन सांगितलेल्या गोष्टीची कुजबुज फार दिवस टिकत नाही. शिवाय गाडीचा आवाज ऐकून एखादी मावशी खिडकीतून डोकावली, तर ती तुझी पहारेकरीणच झाली की. तुमच्या वसाहतीतल्या बायकांना मी ओळखते. २००६ साली तिथली दहा हजार घरं विडी कामगार बायकांच्या हाती आली ती कुणी आपण होऊन आणून दिली नव्हती. आडम मास्तरांच्या मागे त्या वर्षानुवर्षं मोर्चात चालल्या होत्या. तुझी अम्माही त्यात होती, हे तूच मला सांगितलं आहेस. त्या घराच्या दारापर्यंत एक गाडी मागायला त्याच घरातली मुलगी लाजते, हे मला पटत नाही.

मी माझं सांगते, कारण मला त्याबद्दल अजूनही खात्री आहे. मी ज्या दैनिकात होते तिथे बाईला डेस्कवर घेतलं की पुरवणीला टाकायचे. रात्रपाळी मागितली तर म्हणायचे, तुम्हाला सोडायला कोण येणार? आणि सोडायला माणूस मागितला तर म्हणायचे, मग पुरवणीच बरी. मी दारापर्यंत गाडी मागितली आणि मागतच राहिले. साहेबांनी चौकापर्यंतची तयारी दाखवली, मी नाही म्हटलं. बसस्टँडपर्यंत म्हणाले, नाही म्हटलं. सहकारी म्हणायचे, अक्का, थोडं तुम्ही ताणा, थोडं त्यांना ताणू द्या. माझ्याबरोबरचे पुरुष पहिलं पान लावायला शिकले आणि मी राशिभविष्य आणि पाककृती तपासत बसले. ती वर्षं गेली ती गेलीच, आणि त्याची चुटपुट आहे मला. पण हट्टाबद्दल नाही. पुढे गाडी मिळाली तेव्हा ती दारापर्यंतचीच मिळाली, आणि माझ्या मागून आलेल्या मुलींना ती मागावी लागली नाही. मी चौकावर मान्य केलं असतं, तर त्या ऑफिसात बायकांची सोय चौकापर्यंतच राहिली असती. एकदा कमी घेतलं की तोच नियम होतो. म्हणून तू फाट्याला हो म्हणालीस तर ती फक्त तुझ्यापुरती गोष्ट राहणार नाही.

आता कायद्याचं. हे नीट वाच, कारण ते तुला कुणी आपण होऊन सांगणार नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्याचं कलम १३ बघ. स्त्री कामगाराला रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही. संमती असली तरी तिची सुरक्षितता, लैंगिक छळापासून संरक्षण आणि कामाच्या ठिकाणापासून घराच्या दारापर्यंत वाहतुकीची सोय, हे सगळं मालकाने द्यायचं आहे. दारापर्यंत असंच कायद्यात आहे, मी माझ्या पदरचं सांगत नाही. मोजक्याच माणसांच्या छोट्या आस्थापनांना तो कायदा तसाच्या तसा लागू होत नाही, आणि इंटर्न ही कामगार आहे का यावर तुझ्याशी वाद घालणारेही भेटतील. तू त्या वादात शिरू नकोस. तू एवढंच म्हण, की कायम नोकरीतल्या बाईला कायदा जे देतो तेच मला हवं, कारण आम्ही दोघी एकाच रस्त्याने घरी जातो.

दुसरा कायदा मात्र तुला निश्चित लागू आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. त्यात कर्मचारी म्हणजे कोण हे सांगताना प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि कामाचं ठिकाण म्हणजे काय हे सांगताना, कामासाठी मालकाने दिलेलं वाहनही त्यात धरलं आहे. म्हणजे ऑफिसच्या गाडीत ड्रायव्हर किंवा सोबतचा कुणी वेडंवाकडं वागला, तर "ते ऑफिसबाहेर झालं" हे उत्तर चालत नाही. लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे करायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. जिथे दहापेक्षा कमी माणसं असतात तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुझ्या ऑफिसात समितीची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, हे सोमवारच्या आत बघून ठेव. नसतील तर विचार. विचारल्याने कुणी खात नाही.

रात्रपाळीच्या आधी ते तुझ्याकडून एक संमतीपत्र घेतील. छापील असतं, मजकूर बारीक असतो, आणि "मी स्वतःच्या जबाबदारीवर ये-जा करीन" असं एक वाक्य पुष्कळदा त्यात घुसवलेलं असतं. ते वाक्य दिसलं तर सही करू नकोस. त्यावर रेघ मार आणि खाली आपल्या अक्षरात लिही: "काम संपल्यावर ऑफिसच्या वाहनाने घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय असेल त्या दिवशी रात्रपाळीस माझी संमती आहे." मग सही, तारीख, आणि लगेच मोबाईलवर फोटो.

त्यासोबत एक छोटा अर्ज ईमेलने दे. तोंडी बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. लांबलचक लिहू नकोस, कारणं देऊ नकोस, घरच्या अडचणी सांगू नकोस. असा लिही:

"सोमवारपासून माझी शहर आवृत्तीवर रात्रपाळी आहे. माझे घर गोदूताई नगर, कुंभारी येथे आहे. शेवटचे पान सुटल्यानंतर घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करावी. वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव व मोबाईल क्रमांक आणि त्याची पोलीस चारित्र्य पडताळणी झाली असल्याची माहिती मला पाळी सुरू होण्यापूर्वी मिळावी. पार्सलच्या वाहनाने फाट्यापर्यंत जाणे मला शक्य नाही. ज्या दिवशी वाहन नसेल त्या दिवशी मला रात्री आठपर्यंतचे काम द्यावे."

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. तिच्यामुळे तू काम नाकारते आहेस असं कुणाला म्हणता येत नाही. साहेबांना वाचायला एक मिनिट लागेल, आणि नाही म्हणायचं तर लेखी म्हणावं लागेल. लेखी नाही म्हणायला फार थोडे धजावतात.

गाडी मान्य झाली की दोन गोष्टी दिवसाउजेडी उरकून घे. एक म्हणजे ड्रायव्हरला एकदा दुपारी घर दाखव. तुमच्याकडे घरांच्या ओळीच्या ओळी एकसारख्या आहेत, आणि रात्री नवा माणूस तिथे हमखास चुकतो. मग तो म्हणतो, ताई, इथंच उतरता का, दोनच गल्ल्या राहिल्या. त्या दोन गल्ल्याही दारापर्यंतमध्येच येतात. दुसरं, सोडण्याचा क्रम ठरवून घे. तुझं घर सगळ्यांत लांब, म्हणून साहजिकच तुला शेवटी सोडतील, आणि विजापूर रोडचा सहकारी उतरला की पुढचे दहा किलोमीटर गाडीत तू आणि ड्रायव्हर दोघंच. तेव्हा आधी तुला सोडून मग इतरांना, असं मागून घे. डेस्कवरचे दादा कुरकुर करतील, अर्धा तास उशीर होतो म्हणून. करू देत. तुझ्या भावाच्या वयाचा एक तरी जण समजून घेईल आणि तोच इतरांना गप्प करेल. असं अजिबात होत नसेल तर ऑफिसचा सुरक्षारक्षक सोबत माग.

आता एका रात्रीचं सांगते. बारा वाजून दहा मिनिटांनी पान सुटलं असं धर. ऑफिसच्या दारात, वॉचमनच्या समोर गाडी येऊ दे, तू रस्त्यावर जाऊन उभी राहू नकोस. नंबरप्लेट बघ. एमएच १३ पुढचे आकडे तुला कळवलेलेच आहेत का? गाडी बदलली असेल तर ऑफिसला फोन करून खात्री होईपर्यंत बसू नकोस. मागचं डावं दार उघड आणि बसण्याआधी दाराच्या कडेला बघ, कुलपाजवळ एक छोटी खटकी असते, चाइल्ड लॉकची. ती लागलेली असेल तर दार आतून उघडत नाही. ड्रायव्हरला सांगून ती काढायला लाव आणि दुसऱ्या दाराचीही बघ. यात त्याचा अपमान नाही, रोजचीच सवय आहे असं दाखव. मागे डाव्या बाजूला बस. तिथून त्याचे हात दिसतात, पुढचा रस्ताही दिसतो. वाटेत कुणालाही गाडीत घ्यायचं नाही, त्याच्या मेहुण्यालाही नाही, हे पहिल्याच दिवशी हसत सांगून टाक. त्याच्या तोंडाला दारूचा वास आला तर गाडीत पाऊल ठेवायचं नाही, मग उशीर कितीही होवो.

निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन भावाला आणि मला पाठव. त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय येतात. एक तास निवडू नकोस. एखाद्या रात्री गाडी पंक्चर झाली तर ते मध्येच बंद पडेल आणि इकडे आम्हाला वाटेल तू पोचलीस. आठ तासच निवड, पोचल्यावर स्वतः बंद कर. आणि लक्षात ठेव, फोनची बॅटरी संपली किंवा नेट गेलं तर तुझं शेवटचं ठिकाण तिथेच गोठलेलं दिसतं. म्हणून बघणाऱ्याने ठिपक्यापेक्षा तो शेवटचा कधी हलला ते बघायचं. बॅगेत पॉवर बँक हवीच.

अम्माकडे साधा फोन आहे, तिला लोकेशनचा उपयोग नाही. तिच्याशी मिस्ड कॉलची खूण ठेव. गाडी निघाली की एक, फाट्यावरून आत वळली की एक. दुसरा मिस्ड कॉल आला की ती दिवा लावून दारात येईल. तुझ्या हिशेबाने निघाल्यापासून पाऊण तासात तो आला नाही तर भावाने तुला फोन करायचा, तू उचलला नाहीस तर ड्रायव्हरला, त्यानेही उचलला नाही तर लगेच ११२ ला. "थोडं थांबून बघू" हा घरातला सल्ला त्या वेळी ऐकायचा नाही. हे भावाला आत्ताच पढवून ठेव, कारण ऐन वेळी माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस वाट बघत बसतो. तुझ्या फोनच्या सेटिंगमध्ये Emergency SOS शोध आणि पॉवरचं बटण किती वेळा दाबल्यावर कॉल लागतो ते बघून ठेव, फोनाफोनात ते वेगळं असतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ऑफिस शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, घर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. रस्त्यात काही झालं तर ते नेमकं कुठल्या ठाण्याचं, यावर वेळ घालवू नकोस. ११२ ला फक्त रस्ता आणि जवळची खूण सांग, गाडी पाठवणं त्यांचं काम. आणि तक्रार द्यायची वेळ आली तर "ही आमची हद्द नाही" असं म्हणून कुठलंही ठाणं तुला परत पाठवू शकत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा असतो. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, ते आलं आहे. हा आकडा पाठ कर. ठाण्यात आकडा सांगितला की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

जाण्याबद्दल फार सांगत नाही. दुपारी चारला शेअर रिक्षा मिळतात, परिवहनची बस आली तर आली. फक्त रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसू नकोस, पुढची रिक्षा येऊ दे. आणि स्कूटी घेऊ का असं तू विचारलंस, तर दिवसा घे की. रात्री एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून, कुत्री मागे लागलेली, एकटीने, पंक्चरची भीती घेऊन, असं जाऊ नकोस. ऑफिसला तर स्कूटी आवडेलच, कारण मग गाडी द्यावी लागत नाही. तुझ्या कर्जाच्या हप्त्यावर त्यांची जबाबदारी फेडू नकोस.

राहिली ती रात्र, जेव्हा सगळं मान्य होऊनही गाडी येणार नाही. ती येईलच. ड्रायव्हर आजारी पडेल, गाडी दुसरीकडे गेली असेल, आणि कुणीतरी म्हणेल, चल, मी बाइकवर फाट्यापर्यंत सोडतो. त्या रात्री फाट्याचं नाव काढायचं नाही. घरी सोडणारं कुणी नसेल तर शहरात मुक्काम करायचा. माझं घर रेल्वे लाइन्सला आहे, सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. वॉचमनला सोबत घेऊन ये किंवा मला फोन कर, मी रिक्षा घेऊन ऑफिसच्या दारात येते. आमचा रिक्षावाला गल्लीतलाच आहे, त्याचा बॅज आणि परमिट मी स्वतः पाहिलं आहे. कपाटात तुझ्यासाठी एक गाऊन आणि टूथब्रश काढून ठेवते. अम्माला आधी सांगून ठेव, म्हणजे अशा रात्री ती घाबरणार नाही. तिला माझ्याशी बोलायचं असेल तर मी तेलुगूतही बोलेन, थोडंफार येतं मला.

आणि समजा साहेबांनी अर्ज वाचून सांगितलं की मग तुम्ही रात्रपाळी करूच नका? मग करू नकोस. दिवसाचं डेस्क कर, डाक आवृत्तीचं काम शीक, सातला निघ. पहिलं पान तुला शिकायचं आहे हे मला माहीत आहे. ते शिकवायला मी आहे, रविवारी दुपारी ये, जुने अंक घेऊन बसू. पण माझा अंदाज आहे की ते गाडी देतील. डेस्कवर माणसं कमी आहेत, तू बातमी चांगली बांधतेस, आणि लेखी अर्ज हातात आला की हिशेब बदलतात. त्यांनी फाट्याऐवजी हॉस्पिटलच्या गेटपर्यंत म्हटलं, किंवा वसाहतीच्या कमानीपर्यंत म्हटलं, तरी उत्तर तेच. दारापर्यंत.

अर्ज आज संध्याकाळपर्यंत लिहून आधी मला पाठव, मी नजर टाकते. उद्या शुक्रवार आहे, शनिवारी ऑफिसात निर्णय घेणारं कुणी नसतं, म्हणून उद्या सकाळी अकराच्या आत ईमेल जायला हवा. गाडीचा नंबर मिळाला की तो घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यांत लिही, म्हणजे अम्माला चष्म्याशिवाय वाचता येईल.

तुझी,
अक्का